संस्कृतच्या गृहपाठाचा फोटो काढला, पण भाषांतर भलतंच येतंय: कुठे काय तपासायचं

आठवीत संस्कृत सुरू झालं की पहिल्या चाचणीच्या सुमारास आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझ्याकडे वह्यांचे फोटो यायला लागतात. पालकांनी स्वतः शाळेत हिंदी किंवा फ्रेंच घेतलेलं असतं आणि मुलाने संपूर्ण किंवा संयुक्त संस्कृत निवडलेलं असतं. संध्याकाळी वहीचा फोटो काढायचा, अ‍ॅपमधून मराठी अर्थ बघायचा आणि शुद्धलेखन तपासून द्यायचं, असा बेत असतो. लिपी आपलीच असल्यामुळे हे सोपं वाटतं. अडचण मात्र बऱ्याचदा लिपी आपली असण्यातूनच सुरू होते.

मी संस्कृत घेऊन शिकले आणि नंतर शिकवलंही. हा बिघाड अनेक घरांत पाहिल्यामुळे आता लक्षणं ऐकूनच गडबड साधारण कुठे आहे ते कळतं. तपासण्या फुकट आणि सोप्या आधी, वेळखाऊ नंतर, अशा क्रमाने दिल्या आहेत. तो क्रम मोडू नका. पुढच्या तपासणीचा निकाल आधीची झाली असेल तरच भरवशाचा असतो.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे संस्कृत वाक्य जवळजवळ जसंच्या तसं ‘मराठी भाषांतर’ म्हणून परत येतं. एखादा प्रत्यय गळतो, बाकी काही बदलत नाही. किंवा शब्दाला मराठीतला अर्थ चिकटतो. ‘शिक्षकः शिक्षां ददाति’ म्हणजे शिक्षक शिकवण देतात, पण अर्थ येतो की गुरुजी मुलांना शिक्षा करतात.

दुसऱ्या लक्षणात साध्या विधानाची आज्ञा होते. मुलाने ‘ते दोघे वाचतात’ लिहिलेलं असतं आणि पडद्यावर ‘तुम्ही वाचा’ दिसतं. कधी कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते. मुलगी आईला पाहते की आई मुलीला, हेच उलटं होऊन बसतं.

तिसरं म्हणजे वाक्यात मध्येच कुठलाच अर्थ नसलेला शब्द येतो आणि उरलेलं वाक्य त्याच्या भोवती कसंबसं जुळवलेलं असतं.

चौथं लक्षण सगळ्यात त्रासदायक, कारण ते लक्षण वाटतच नाही. अर्थ अगदी व्यवस्थित येतो, पालक समाधानाने वही दप्तरात ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानावर लाल शाईच्या चार खुणा असतात. “अर्थ तर बरोबर आला होता की हो,” असं मला हमखास ऐकायला मिळतं. आला होता, हे खरंच. तो का आला, ते पुढे सविस्तर सांगते.

आधी भाषेचं नाव हाताने निवडा

अ‍ॅपमध्ये ‘भाषा ओळखा’ हा पर्याय चालू असेल तर तो बंद करा आणि मूळ भाषा म्हणून ‘संस्कृत’ निवडा. याला दहा सेकंदही लागत नाहीत. पहिलं लक्षण बहुतेक वेळा एवढ्यानेच जातं.

कारण सरळ आहे. मराठी, हिंदी, नेपाळी आणि संस्कृत या चारही भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे अक्षरांवरून भाषा ओळखता येत नाही. शब्दांवरून ओळखावी, तर आठवीच्या मुलाची वाक्यं छोटी असतात आणि त्यातले वृक्ष, पुष्प, मित्र, उद्यान हे शब्द मराठीतही आहेत. ‘तत्र वृक्षः अस्ति’ एवढ्याशा वाक्यावरून यंत्राने मराठी किंवा हिंदी असा अंदाज बांधला तर नवल नाही. एकदा भाषा मराठी ठरली की ‘मराठीतून मराठीत’ करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून वाक्य तसंच परत येतं.

काही अ‍ॅपमध्ये टाइप केलेल्या मजकुरासाठी संस्कृत मिळते, पण कॅमेऱ्याच्या पर्यायात ती दिसत नाही. तसं असेल तर कॅमेरा फक्त अक्षरं वाचायला वापरा. तो मजकूर कॉपी करून टाइप करायच्या जागी चिकटवा आणि तिथे संस्कृत निवडा.

मग फोटो

दुसरं आणि तिसरं लक्षण फोटोतून येतं. संस्कृतात सगळा कारभार बारीक खुणांवर चालतो आणि फोटोत आधी बारीक खुणाच जातात. कुठल्या खुणेने काय बिघडतं ते एकदा नीट पाहून ठेवा, म्हणजे फोटोत काय शोधायचं ते कळेल.

विसर्ग घ्या. ‘पठतः’ म्हणजे ते दोघे वाचतात. दोन टिंबं गेली की ‘पठत’ उरतं, आणि तेही खरंखुरं रूप आहे: तुम्ही सगळे वाचा. ‘पठामः’ म्हणजे आम्ही वाचतो, तर ‘पठाम’ म्हणजे आपण वाचू या. विधानाची आज्ञा होते ती इथे. अ‍ॅपने चूक ओळखावी अशी अपेक्षा इथे करता येत नाही, कारण त्याच्यासमोर आलेला शब्द शुद्धच असतो.

पाय मोडण्याचंही तसंच. ‘अपठत्’ म्हणजे त्याने वाचलं. पाय मोडल्याची खूण फोटोत आली नाही तर ‘अपठत’ होतं, म्हणजे तुम्ही वाचलंत. अनुस्वाराने तर माणसंच बदलतात. ‘बालिका पश्यति’ मध्ये मुलगी पाहते आणि ‘बालिकां पश्यति’ मध्ये कोणीतरी मुलीला पाहतं. एका टिंबात कर्ता आणि कर्म यांचा निकाल लागतो.

आता फोटो कसा काढायचा ते. वही टेबलावर सपाट ठेवा आणि शिवणीजवळचा भाग फुगत असेल तर बोटांनी दाबून धरा. फोन पानाला समांतर, बरोबर वर धरा. संध्याकाळी ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर तुमचीच सावली पानावर पडते, म्हणून वही अशी फिरवा की उजेड बाजूने येईल. पावसाळ्यात पुण्यात दुपारीच अंधारून येतं. तेव्हा बाल्कनीच्या दाराशी काढलेला फोटो खोलीतल्या दिव्याखालच्या फोटोपेक्षा चांगला येतो. पूर्ण पान एकदम घेऊ नका. चार-पाच ओळी चौकटीत भरतील इतक्या जवळून घ्या. त्यामुळे प्रत्येक टिंबाला फोटोत पुरेशी जागा मिळते.

रेघी वहीत आणखी एक गोष्ट घडते. मूल ओळीवर बसवून लिहितं, त्यामुळे पाय मोडल्याची तिरकी रेघ नेमकी खालच्या छापील रेघेवर पडते. दोन्ही निळ्या असल्या की यंत्राला वेगळ्या काढता येत नाहीत. मुलाला काळ्या पेनने लिहू द्या किंवा एक ओळ सोडून लिहू द्या, तक्रार बरीच कमी होते. पान पातळ असेल तर मागच्या बाजूची शाई उमटते आणि तिचे ठिपके अनुस्वार म्हणून वाचले जातात. त्या पानाखाली काळा कागद सरकवा. मागची अक्षरं दिसेनाशी होतात.

फोटो एकाने काढून दुसऱ्याला पाठवायचा असेल, म्हणजे आई ऑफिसात आणि मूल घरी, तर व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका. तिथे चित्र आकसतं. डोळ्यांना पान स्पष्ट दिसतं, पण विसर्गाची दोन टिंबं मिसळून एक होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की फोटो मूळ आकारात जातो. आणि पाठवण्याआधी वहीच्या कोपऱ्यातलं मुलाचं नाव, तुकडी आणि शाळेचा शिक्का चौकटीबाहेर राहू द्या. गृहपाठाच्या अर्थाला त्यातलं काही लागत नाही.

अर्थाच्या आधी अ‍ॅपने काय वाचलं ते बघा

ही तपासणी बहुतेक जण गाळतात आणि मी मात्र सगळ्यात जास्त भर इथेच देते. फोटोवर चिकटून येणारं मराठी बघू नका. अ‍ॅपने वहीतून जो संस्कृत मजकूर उचलला, तो वेगळा दाखवायची सोय असते. तो उघडा आणि वही शेजारी धरून शब्द न् शब्द जुळवा.

एक प्रत्यक्ष पान घेते. विषय होता ‘उद्यानम्’, पाच वाक्यं लिहायची होती. मुलीने वहीत हे लिहिलं होतं:

१. एतत् उद्यानम् अस्ति।
२. तत्र द्वौ बालकौ क्रीडन्ति।
३. वृक्षेषु खगाः कूजन्ति।
४. अहम् अपि मित्रैः सह उद्यानं गच्छति।
५. तत्र शोभनं पुष्पं अस्ति।

तिच्या आईने फोटो काढला, तेव्हा अ‍ॅपने वाचलं ते असं:

१. एतत उद्यानम अस्ति।
२. तत्र द्वौ बालको क्रीडन्ति।
३. वृक्षेपु रवगाः कूजन्ति।
४. अहम् अपि मित्रैः सह उद्यानं गच्छति।
५. तत्र शोभनं पुष्पं अस्ति।

पहिल्या ओळीत दोन्ही ठिकाणचा पाय मोडलेला हरवला, कारण ती ओळ छापील रेघेला अगदी चिकटून लिहिली होती. दुसरीत ‘कौ’चं ‘को’ झालं, कारण दोन मात्रांपैकी एक दुसरीवर चढली होती. तिसरीत ‘षु’च्या पोटातली तिरपी रेघ फिकट होती म्हणून ‘पु’ झालं. आणि ‘ख’चे दोन भाग लांब पडल्यामुळे त्याचे ‘र’ आणि ‘व’ झाले. मराठी अर्थात मध्येच जो ‘आवाज’ आला होता, तो या ‘रव’मधून. वहीत पक्षी होते, पडद्यावर आवाज आला. आईला वाटत होतं की मुलीने काहीतरी भलतंच लिहिलंय. मुलीने तिसरं वाक्य पूर्ण बरोबर लिहिलं होतं.

मुलांच्या अक्षरात अशा गल्लती ठरलेल्या जागी होतात. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ष आणि प, ख आणि रव, द्य आणि ध. शिरोरेघ देताना मूल घाई करतं, भ आणि ध यांच्या डोक्यावरची मोकळी जागा रेघेने बुजते आणि त्यांचे म आणि घ होतात. हे यंत्राला जसं चुकीचं दिसतं तसंच पेपर तपासणाऱ्यालाही दिसू शकतं. त्यामुळे अ‍ॅपने वारंवार एकच अक्षर चुकीचं वाचलं, तर त्या अक्षराचं वळण मुलाकडून नीट करून घ्या.

फोटो सोडून एक वाक्य टाइप करा

मजकूर जुळवून झाला की चुकलेल्या जागा हाताने दुरुस्त करा, आणि एका वेळी एकच वाक्य भाषांतराला द्या. गडबड फोटोत आहे की पुढे, हे याने दोन भागांत वेगळं होतं. वहीतल्याप्रमाणे अचूक टाइप केल्यावर अर्थ सरळ आला, तर दोष फोटोचा होता आणि तुमचं काम संपलं. टाइप करूनही अर्थ वाकडा येत असेल, तर दोष वाक्यात आहे किंवा भाषांतरात.

टाइप करताना विसर्गासाठी दोन टिंबांचं विरामचिन्ह वापरू नका. ‘:’ आणि ‘ः’ दिसायला सारखे, पण यंत्रासाठी वेगळे. ‘रामः’ लिहिताना विरामचिन्ह दिलं की ‘राम’ हा विसर्ग नसलेला शब्द आणि पुढे एक थांबा, असं वाचलं जातं. फोटोतून उचललेल्या मजकुरातही ही अदलाबदल सर्रास झालेली असते. मराठी कीबोर्डवर विसर्गाची वेगळी कळ असते, बहुतेक ठिकाणी ती अनुस्वाराच्या आसपास सापडते.

तरीही एखादा लांब शब्द अडत असेल तर तो संधी झालेला आहे का ते बघा. ‘ममापि’ म्हणजे मम अपि. ‘नास्ति’ म्हणजे न अस्ति. ‘तत्रैव’ म्हणजे तत्र एव. शब्द सुटे करून पुन्हा द्या. ‘रामो वनं गच्छति’ मधला ‘रामो’ पाहून काही पालक तिथे विसर्ग घालून देतात. पण ‘रामः’ याचंच पुढच्या ‘व’मुळे ‘रामो’ झालेलं आहे आणि ते शुद्ध आहे. वहीत सुधारू नका, फक्त अर्थ बघण्यापुरतं अ‍ॅपमध्ये सुटं करा.

अर्थ बरोबर, तरी वही लाल: चौथं लक्षण

आता त्या पानाकडे परत या. फोटोतल्या सगळ्या चुका दुरुस्त केल्यावर पाचही वाक्यांचे अर्थ सुरळीत आले. बागेत दोन मुले खेळतात, झाडांवर पक्षी किलबिलतात, मीही मित्रांबरोबर बागेत जातो. आईने विचारलं, “ताई, मग आता देऊ ना वही?”

त्या पानावर अजून तीन चुका होत्या.

दुसऱ्या वाक्यात ‘द्वौ बालकौ’ म्हणजे दोघे मुलगे. संस्कृतात एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन असतं, आणि कर्ता दोन असला की क्रियापदही द्विवचनी लागतं: ‘क्रीडतः’. मुलीने अनेकवचन लिहिलं, ‘क्रीडन्ति’. मराठीत द्विवचनच नाही, त्यामुळे दोन्हींचा अर्थ ‘खेळतात’ असाच येणार. मराठी अर्थ वाचून ही चूक कोणालाही कधीच सापडणार नाही.

चौथ्या वाक्यात ‘अहम्’ आहे, म्हणजे ‘गच्छामि’ हवं. मुलीने ‘गच्छति’ लिहिलं, म्हणजे ‘मी जातो’ऐवजी ‘मी तो जातो’ असं काहीतरी. भाषांतर करणारं यंत्र मोडक्या वाक्यातूनही लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल ते शोधून सरळ वाक्य देण्यासाठी बनवलेलं असतं. परक्या गावात पत्ता विचारताना ते कामी येतं. गृहपाठ तपासताना त्याच गुणामुळे चूक गडप होते. त्याने ‘अहम्’ वाचलं, ‘जाणं’ वाचलं आणि ‘मी जातो’ असं नीट करून दिलं. शिवाय लिहिणारी मुलगी आहे, तरी ‘जातो’ आलं. संस्कृतच्या ‘गच्छामि’ या रूपात स्त्री-पुरुष भेद नसतो, म्हणून मराठीत यंत्राने स्वतःच एक निवडलं. ती वहीतली चूक धरू नका.

पाचव्या वाक्यातली चूक शुद्धलेखनाची. ‘पुष्पं अस्ति’ नव्हे, ‘पुष्पम् अस्ति’. शब्दाच्या शेवटी म् असेल आणि पुढच्या शब्दाची सुरुवात व्यंजनाने होत असेल तर त्या म्-चा अनुस्वार होतो, म्हणून ‘उद्यानं गच्छति’ आणि ‘शोभनं पुष्पम्’ बरोबर. पुढे स्वर आला, किंवा वाक्य तिथेच संपलं, तर म् तसाच राहतो. पाणिनीच्या व्याकरणातला हा नियम आठवीच्या वहीत रोज लागतो आणि रोज चुकतो, कारण छापील मराठीत आपल्याला सगळीकडे अनुस्वाराची सवय असते. अ‍ॅपला दोन्ही लेखनं चालतात, म्हणून तिथून सूचना येत नाही. तुम्ही मात्र नियम माहीत नसतानाही हे तपासू शकता: शब्दाच्या शेवटी अनुस्वार दिसला की लगेच पुढचं अक्षर बघा. ते अ, आ, इ, उ, ए असं काही असेल किंवा पुढे दंड असेल, तर मुलाला विचारा, इथे म् हवा का.

(‘सुंदर’ की ‘सुन्दर’, ‘पंच’ की ‘पञ्च’ हा वाद वेगळा. शब्दाच्या पोटात अनुस्वाराऐवजी पुढच्या वर्गातलं अनुनासिक लिहिणं हे व्याकरणाला धरून आहे, पण छपाईत अनुस्वारही भरपूर दिसतो. मुलाच्या पाठ्यपुस्तकात जसं छापलंय तसं लिहू द्या.)

हे सगळं खरं की नाही, याची खात्री घरी दोन मिनिटांत होते. ‘बालकाः पठन्ति’ हे शुद्ध वाक्य टाइप करा आणि अर्थ बघा. मग मुद्दाम ‘बालकाः पठति’ असं चुकीचं लिहा. दोन्हींचा अर्थ ‘मुले वाचतात’ असाच आला, तर तुमचं अ‍ॅप चुका गिळतं हे तुम्हाला कळलं. पुढे त्याचा उपयोग फक्त अर्थासाठी करायचा, शुद्ध-अशुद्ध ठरवायला नाही. फोटो वाचतानाही असंच होऊ शकतं. मुलाने ‘मीत्रम्’ असं दीर्घ लिहिलं, तरी यंत्र ओळखीचं ‘मित्रम्’ वाचून मोकळं होतं. म्हणून शुद्धलेखन पाहताना पडदा बाजूला ठेवा आणि वही थेट पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, मुलाचं पुस्तक शाळेत राहिलं तरी अडत नाही.

रूपावली घ्या, तक्ता भिंतीवर लावा

चौथ्या लक्षणावर इलाज कागदी आहे. अप्पा बळवंत चौकात शब्दरूपं आणि धातुरूपं दिलेली छोटी पुस्तिका स्वस्तात मिळते. ती आणा, किंवा मुलाकडूनच एक तक्ता लिहून घ्या. वर्तमानकाळाचा एवढाच:

पठति, पठतः, पठन्ति
पठसि, पठथः, पठथ
पठामि, पठावः, पठामः

वरची ओळ तो, ते दोघे, ते सगळे यांची. मधली तू, तुम्ही दोघे, तुम्ही सगळे यांची. खालची मी, आम्ही दोघे, आम्ही सगळे यांची. संस्कृत अजिबात न येणारा पालकही यावरून तपासू शकतो, कारण इथे अर्थ लागत नाही, शेपूट जुळवायचं असतं. वाक्यात ‘अहम्’ दिसला की क्रियापदाच्या शेवटी ‘-आमि’ आहे का. ‘त्वम्’ दिसला की ‘-सि’ आहे का. कर्त्याच्या शेवटी ‘-औ’ असेल तर क्रियापद ‘-तः’ने संपतंय का. कर्ता ‘-आः’ने संपत असेल तर ‘-न्ति’ आहे का. या चार प्रश्नांत सुरुवातीच्या गृहपाठातल्या क्रियापदाच्या बऱ्याच चुका सापडतात. वरच्या पानावरच्या दोन्ही सापडल्याच असत्या.

एक अडचण येते ती शब्दांच्या लिंगामुळे. ‘मित्रम्’ आणि ‘पुष्पम्’ नपुंसकलिंगी, म्हणून अनेकवचन ‘मित्राणि’, ‘पुष्पाणि’. इथे ‘-आः’ शोधत बसू नका. ‘-आनि’ किंवा ‘-आणि’ दिसलं तरी ते अनेकवचनच, आणि क्रियापद ‘-न्ति’चंच.

चूक सापडली की ती स्वतः खोडून दुरुस्त करू नका. वाक्याखाली पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि मुलाला तक्त्याकडे पाठवा. मराठी वाक्य अ‍ॅपमध्ये टाकून आलेलं संस्कृत वहीत उतरवणं तर घरात बंदच ठेवा. तिथे द्विवचन आणि लिंग यांचा भरवसा देता येत नाही, आणि चूक झाली तर ती मुलाची की यंत्राची, हे शिक्षकांना कळायला मार्ग उरत नाही.

इथे थांबा आणि जाणत्याकडे जा

सुभाषित किंवा श्लोक असेल तर अ‍ॅपवर वेळ घालवू नका. पद्यात शब्दांचा क्रम छंदासाठी बदललेला असतो, कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद दुसऱ्या ओळीच्या शेवटी असू शकतं. त्यात संधी आणि समास भरपूर. आधी अन्वय लावावा लागतो, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडावे लागतात, आणि ते काम संस्कृतच्या शिक्षकांचं आहे. पाठ्यपुस्तकात शब्दार्थ किंवा अन्वय दिला असेल तर तेवढा वाचा, नसेल तर वर्गात विचारायला सांगा.

अचूक टाइप केलं, संधी सोडवली, तक्त्याशी जुळवलं, तरी गद्य वाक्याचा अर्थ लागत नाही, तिथेही थांबा. आणि शिक्षकांनी चूक दाखवली, पण पुस्तकात तसंच छापलेलं दिसतंय, तर मुलासमोर त्यावर निकाल देऊ नका. कदाचित त्या प्रश्नात संधी करून लिहायचं होतं, किंवा वाक्यातला दुसरा शब्द बदलल्याने रूप बदललं असेल. शिक्षकांना भेटताना “अ‍ॅप असं म्हणतं” असं सांगून उपयोग होत नाही. वहीचं पान, पुस्तकातली ओळ आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा. “सर, इथे क्रीडतः का, क्रीडन्ति का नाही,” एवढं विचारलं तर उत्तर मधल्या सुट्टीतही मिळतं.

शेवटची गोष्ट संस्कृतच्या पलीकडची आहे. मूल मराठी आणि इंग्रजीतही तीच अक्षरं उलटसुलट करत असेल, फळ्यावरून उतरवून घेतानाही शब्द गाळत असेल, तोंडी सगळं नीट सांगतं पण लिहायला बसलं की रडकुंडीला येतं, तर फोटो, पेन आणि रेघी वह्या बदलून काही होणार नाही. वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे मुलाला न्या. तसं निदान झालं तर शासनमान्य केंद्राच्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्याची कागदपत्रं शाळेमार्फत जातात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून शंका आठवीत आली असेल तर आठवीतच जा, दहावीचा अर्ज भरायची वाट पाहू नका.